गाडीतलं वाय-फाय आणि दुपारीच संपणारा डेटा

गाडीत डोंगल लावलं, घरातल्या सगळ्यांचे फोन त्याला जोडले, आणि सातारा यायच्या आत दिवसाचा दोन जीबी डेटा संपला. ही तक्रार गाडीतल्या वाय-फायबद्दल सर्रास ऐकू येते. आणि गंमत म्हणजे 'कुणी काही फार बघितलंच नाही' हे तक्रार करणाऱ्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. बघणाऱ्यांनी डेटा संपवलेला नसतो, फोनांनी आपापला संपवलेला असतो.

कारण साधं आहे. फोनला जगात दोनच प्रकारचं इंटरनेट माहीत असतं. एक मोबाईल डेटा, जो पैशांनी मोजला जातो, म्हणून जपून वापरायचा. दुसरं वाय-फाय, म्हणजे घरचं ब्रॉडबँड, कितीही वापरा. त्यामुळे वाय-फाय मिळालं की फोन साठलेली कामं उरकायला घेतो. कालचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवतो, पंधरा-वीस ॲपचे अपडेट उतरवतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ आपण न उघडताच खेचून घेतो. या वाय-फायच्या मागे एक सिमकार्ड बसलंय आणि त्याला रोजचं रेशन आहे, हे फोनला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. गाडीतलं हॉटस्पॉट उभं करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरं काम आहे ते प्रत्येक फोनला ही एक गोष्ट समजावून सांगण्याचं.

आधी यंत्र

बाजारात साधारण दोन जातीची यंत्रं मिळतात. एक म्हणजे यूएसबी डोंगल. पेन ड्राइव्हपेक्षा थोडं मोठं असतं, बॅटरी नसते, सॉकेटमध्ये खोचलं की चालू. दुसरा म्हणजे खिशातला हॉटस्पॉट, ज्याला मायफाय म्हणतात. त्यात बॅटरी असते, त्यामुळे गाडीतून काढून हॉटेलात किंवा गावच्या घरी नेता येतो. कायम गाडीतच ठेवायचं असेल तर माझा कौल डोंगलला. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेववत नाही इतका तापतो, आणि लिथियमची बॅटरी त्या उष्णतेत फुगू शकते. ज्यात बॅटरीच नाही त्यात फुगायला काही नाही. मायफाय घेतलाच असेल तर गाडी लावताना तो फोनसारखा बरोबर घेऊन जायचा.

खोक्यावर बघायची एकच गोष्ट खरी महत्त्वाची: ते यंत्र कोणत्या 4G बँडवर चालतं. बँड म्हणजे टॉवर ज्या लहरींवर बोलतो त्या लहरींचा पट्टा. जिओचं 4G हे B3, B5 आणि B40 या तिन्हींवर चालतं. त्यातला B5 हा ८५० मेगाहर्ट्झचा, लांब पोहोचणारा पट्टा आहे. शहराबाहेर आणि घाटात तोच कामी येतो. एअरटेलला B1, B3, B8, B40 लागतात. अमेरिकेहून आत्याने किंवा भावाने हौसेने आणलेलं डोंगल इथे पुण्यात कसंबसं चालतं आणि खंबाटकी ओलांडला की मान टाकतं, त्यामागे बहुधा हेच कारण असतं. तिकडच्या यंत्रांत तिकडचे बँड असतात. जुनं 3G डोंगल कपाटात पडलेलं असेल तर ते तिथेच राहू द्या. जिओचं जाळं मुळात 4G पासूनच सुरू झालं, त्यामुळे ते सिम त्यात चालणारच नाही.

वीज हा दुसरा मुद्दा, आणि इथे माणसं हमखास फसतात. गाडीच्या म्युझिक सिस्टिमला जो यूएसबी पोर्ट असतो तो बऱ्याचदा गाण्यांचा पेन ड्राइव्ह वाचण्यापुरता असतो, आणि त्यातून अर्धा अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. टॉवर जवळ असला की डोंगलला तेवढा पुरतो. टॉवर लांब गेला की डोंगल जोर लावून बोलायला लागतं, जास्त प्रवाह मागतं, तो मिळत नाही आणि ते बंद होऊन पुन्हा सुरू होतं. मागच्या सीटवरून 'मामा, नेट गेलं' असं दर दहा मिनिटांनी ऐकू येत असेल आणि डोंगलचे दिवे तेव्हा एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर सिमला शिव्या घालण्याआधी पोर्ट बदलून बघा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये २.४ अँपिअरचा बरा चार्जर लावला की हे दुखणं जातं.

ते सॉकेट गाडी बंद केल्यावरही चालू राहतं का, हेही एकदा तपासा. काही गाड्यांत राहतं. मग गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, डोंगल रात्रभर चालू, आणि पहिल्या मजल्यावरच्या आपल्याच घरातला फोन घरचं राउटर सोडून खालच्या गाडीला चिकटलेला, असा प्रकार घडतो. चावी फिरवल्यावरच वीज येणारं सॉकेट असेल तर ते निवडा. नसेल तर उतरताना डोंगल उपटायची सवय लावा.

ठेवायची जागा ग्लोव्ह बॉक्स नाही. तिथे हवा खेळत नाही आणि आसपास गाडीचा पत्रा असतो. खिडकीच्या काचेजवळ, पण थेट उन्हात नाही, अशी जागा शोधायची. पुढच्या दोन सीटांमधल्या कन्सोलवर ठेवलं तरी बहुतेक गाड्यांत पुरतं.

सिम कोणतं

आधी नेटवर्क, मग पॅक. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, म्हणजे गावाकडच्या त्या शेवटच्या तीस किलोमीटरवर, कोणाची रेंज टिकते ते गावातल्या चुलत्यांना विचारा. पुण्यातला अनुभव इथे निरुपयोगी. घरातल्या सगळ्यांचे फोन एकाच कंपनीचे असतील तर गाडीतलं सिम मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं घेण्यात शहाणपण आहे. एकाची रेंज गेली तरी दुसरं बोलत राहतं.

पॅकच्या बाबतीत मात्र थोडं थांबून विचार करायला हवा, कारण आपल्याकडचे बहुतेक प्रीपेड पॅक गाडीसाठी बनलेले नाहीत. 'रोज दीड जीबी' किंवा 'रोज दोन जीबी' ही पद्धत रोज सारखा वापर करणाऱ्या माणसासाठी ठीक. गाडीचा वापर तसा नसतो. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाता-येता थोडीशी गाणी, आणि शनिवारी एकदम आठ तास. रोजच्या पॅकमधला पाच दिवसांचा न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता वाया जातो आणि शनिवारी दुपारी दोन जीबी संपून जातात. (व्हीच्या काही पॅकमध्ये आठवड्यातला उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. गाडीसाठी ही सोय खरोखर उपयोगाची आहे.) म्हणून रोजची मर्यादा नसलेला, महिन्याचा किंवा वर्षाचा एकरकमी डेटा देणारा पॅक मिळाला तर तो घ्यावा. मिळाला नाही तर छोटा पॅक कायम चालू ठेवायचा आणि मोठ्या प्रवासाच्या दिवशी वरून डेटा व्हाउचर मारायचं. नुसतं डेटा व्हाउचर मारून मात्र बहुतेक वेळा भागत नाही. त्याच्या खाली मूळ पॅकची वैधता जिवंत असावी लागते.

'अनलिमिटेड 5G' या शब्दांवर भुलू नका. ती सवलत 5G यंत्राला, 5G टॉवरखाली असतानाच मिळते. तुमचं डोंगल 4G चं असेल तर तेच सिम त्यात घातल्यावर प्रत्येक एमबी रोजच्या कोट्यातूनच कापला जातो.

नवं सिम थेट डोंगलमध्ये टाकू नका. आधी फोनमध्ये घाला, पडताळणी पूर्ण करा, एक फोन लावून बघा, इंटरनेट चालतंय याची खात्री करा, आणि सिमला पिन लावलेला असेल तर तो काढून टाका. मगच डोंगल. नाहीतर इंटरनेट आलं नाही की दोष सिमचा की यंत्राचा हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. आणि सिमचा नंबर एका चिकटपट्टीवर लिहून डोंगलच्या पाठीवर लावा. रस्त्यात रिचार्ज करायची वेळ आली की हा नंबर कुणालाच पाठ नसतो.

सेटिंगचं पान

डोंगल चालू केलं, फोन त्याच्या वाय-फायला जोडला, की ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकायचा. तो यंत्राच्या पाठीवर छापलेला असतो, बहुधा `192.168.0.1` किंवा `192.168.1.1`. आत जायचा पासवर्डही तिथेच असतो आणि तो बऱ्याचदा `admin` असा असतो. तो पहिल्याच दिवशी बदलायचा. हा पासवर्ड वेगळा आणि वाय-फायचा पासवर्ड वेगळा, हे लक्षात असू द्या. पहिला हातात असेल तर तुम्ही लावलेली प्रत्येक मर्यादा काढता येते, आणि घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे आपल्याआधी कळतं.

सिम ओळखलं गेलं पण इंटरनेट येत नसेल तर APN बघायचा. डोंगलने कंपनीच्या जाळ्यात कोणत्या दाराने शिरायचं, ते हे नाव सांगतं. बहुतेक यंत्रं ते आपोआप भरतात. नाही भरलं तर जिओसाठी `jionet`, एअरटेलसाठी `airtelgprs.com`, बीएसएनएलसाठी `bsnlnet`. तिथेच IP चा प्रकार विचारला असेल तर `IPv4/IPv6` असा दोन्हींचा पर्याय निवडा, जिओसाठी तर आवर्जून.

मग वाय-फायचं नाव. घरच्या राउटरचं नाव आणि पासवर्ड डोंगललाही देण्याचा मोह होतो, कारण मग कुणाला काही जोडावंच लागत नाही. हे करू नका. फोन नावावरून वाय-फाय ओळखतो. दोन्ही सारखीच असतील तर त्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे घर, आणि मग पुढे सांगणार आहे ते काहीच नीट लागू होणार नाही. वेगळं नाव द्या, सुरक्षा `WPA2` ठेवा, आणि नाव एकदा ठरलं की बदलू नका.

याच पानावर एकावेळी किती जण जोडू शकतील हेही ठरवता येतं. ते पाचवर आणून ठेवावं. गणपतीत गावी गेलात की याचं मोल कळेल. अंगणात गाडी लागल्या लागल्या चुलत भावंडांचा घोळका 'दादा, पासवर्ड काय?' म्हणत येतो, आणि नाही म्हणायचा वाईटपणा आपल्याऐवजी यंत्र घेतं.

फोनला खरं सांगणं

आता मुख्य काम. आपला फोन हॉटस्पॉट केला आणि त्याला दुसरा अँड्रॉइड फोन जोडला, तर डेटा त्यामानाने कमी जातो, असं कधी जाणवलंय? त्यामागे एक छोटीशी युक्ती आहे. अँड्रॉइडचं हॉटस्पॉट समोरच्या यंत्राला पत्ता देतानाच `ANDROID_METERED` अशी एक चिठ्ठीही पाठवतं, म्हणजे 'हे मोजून मिळणारं इंटरनेट आहे, जपून'. समोरचा अँड्रॉइड फोन ती वाचतो आणि मोठी कामं थांबवून ठेवतो. बाजारातली डोंगलं सहसा ही चिठ्ठी पाठवत नाहीत. म्हणून ती आपण हाताने लिहायची, प्रत्येक फोनवर एकदा.

अँड्रॉइडवर गाडीच्या वाय-फायला जोडलेलं असताना वाय-फायच्या यादीत त्या नावापुढचं दातेरी चाक दाबा, `Network usage` मध्ये जा आणि `Treat as metered` निवडा. सॅमसंगसारख्या फोनांत हाच पर्याय `Metered network` अशा नावाने थोडा आत सापडतो. आयफोनवर वाय-फायच्या नावापुढचा गोलातला i दाबून `Low Data Mode` चालू करा. लॅपटॉप असेल तर विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या गुणधर्मांत `Metered connection` चालू करा. हे लॅपटॉपवर तर चुकवूच नका, कारण विंडोजचं एक अपडेट दिवसभराचा कोटा एकट्याने खाऊ शकतं. फोन हे त्या वाय-फायच्या नावापुरतं लक्षात ठेवतो. घरी गेल्यावर सगळं पूर्ववत. आणि नाव बदलू नका म्हणालो ते यासाठीच: नाव बदललं की सगळ्या फोनांवर ही पूजा पुन्हा मांडावी लागते.

राउटर ओपनडब्ल्यूआरटी या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारा असेल, म्हणजे हौशी मंडळी डोंगलला जोडून वापरतात तसला, तर तो स्वतःच चिठ्ठी पाठवू शकतो:

```
uci add_list dhcp.lan.dhcp_option_force='43,ANDROID_METERED'
uci commit dhcp
/etc/init.d/dnsmasq restart
```

मग अँड्रॉइड फोनांवर हाताने काही करावं लागत नाही. पाहुण्यांच्या फोनांवरसुद्धा नाही, आणि खरा फायदा तोच आहे. आयफोन या चिठ्ठीकडे बघत नाही, त्यावर हातानेच करायचं.

एवढं केल्यावर फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट बहुतांशी थांबतात. व्हॉट्सॲपला मात्र वेगळं सांगून ठेवलेलं बरं. `Storage and data` मध्ये `When connected on Wi-Fi` खाली फोटो सोडून सगळ्यावरची खूण काढायची. गाडीत अँड्रॉइडचा मोठा स्टिरिओ बसवलेला असेल तर तोही एक फोनच आहे हे विसरू नका. त्यातल्या प्ले स्टोअरमध्ये आपोआप होणारे अपडेट बंद करा.

व्हिडिओचा हिशेब

मागचं गुपचूप चालणारं खाणं थांबलं की उरतो तो उघड वापर, आणि त्यात व्हिडिओपुढे बाकी सगळं किरकोळ. याचा हिशेब डोक्यात करता येतो. सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे १ एमबीपीएस, या वेगाने तासभर काही चालू राहिलं तर ३६०० मेगाबिट होतात. आठाने भागलं की ४५० एमबी. एवढा एकच आकडा लक्षात ठेवायचा. साधारण 480p चित्राला एक एमबीपीएसच्या आसपास लागतात, म्हणजे तासाला ४५० एमबी. 720p ला अडीच धरले तर तासाला ११०० एमबीच्या वर. 1080p ला पाच धरले तर तासात सव्वादोन जीबी, म्हणजे दिवसाचा कोटा एकाच टॅबलेटवर खलास. उलट गाणी ९६ केबीपीएसवर ऐकली तर तासाला ४३ एमबी. नकाशाला त्याहूनही कमी.

ॲपमधला 'डेटा वाचवा' पर्याय इथे आपल्याला चकवतो. नेटफ्लिक्समधलं बचतीचं सेटिंग फक्त मोबाईल डेटासाठी असतं. वाय-फायवर ते लागू होत नाही आणि डोंगल हे वाय-फायच आहे. यूट्यूबमध्ये `Video quality preferences` खाली वाय-फाय आणि मोबाईल अशा दोन वेगळ्या जागा आहेत, त्यातली वाय-फायची जागा `Data saver` वर न्यायची. पण ती घरच्या वाय-फायलाही लागू होते, मग मुलं घरी कुरकुरतात आणि सेटिंग पुन्हा वर जातं.

यावर मला पटलेला उपाय एकच: वेगच बांधून टाकायचा. नळ अर्धा पिळून ठेवला की बादली भरायला वेळ लागतो, तसं. बऱ्याच हॉटस्पॉटच्या पानावर प्रत्येक जोडलेल्या यंत्राला किती वेग द्यायचा हे ठरवता येतं. तो १ एमबीपीएसवर आणून ठेवा. व्हिडिओ दाखवणारी ॲपं मिळणारा वेग पाहून चित्राचा दर्जा आपोआप कमी करतात. चित्र 480p किंवा 360p वर स्थिरावतं, आणि सात-आठ इंची पडद्यावर, हलत्या गाडीत, फरक कुणाला जाणवत नाही. भांडण नाही, विनवण्या नाहीत. कोणी काहीही लावलं तरी त्या टॅबवरून तासाला ४५० एमबीपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. विकत घेताना ही सोय आहे का हे विचारून घ्या. अगदी स्वस्त डोंगलांत ती नसते, आणि माझ्या मते वरचे पैसे द्यायचेच तर याच्यासाठी.

आता एक पूर्ण प्रवास मांडून बघू. पुण्याहून कुडाळ, कोल्हापूर-आंबोलीमार्गे, खाणंपिणं धरून नऊ तास. गाडी चालवणारा दादा, वहिनी, दोन मुलं, आजी. सिमवर रोजचे दोन जीबी.

काहीच न करता निघालो तर? दोन टॅब, प्रत्येकी अडीच तास, 720p: साडेपाच जीबी. वहिनींच्या फोनमध्ये आदल्या दिवशीच्या मोदकांच्या तयारीचे दीडशे फोटो, एकेक चार एमबीचा: ६०० एमबी. पाच मिनिटांचा व्हिडिओ, मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास: आणखी सहाशेच्या वर. अपडेट वेगळेच. बेरीज सात जीबीच्या जवळ जाते. म्हणजे खिशात दोन आणि खर्च सात.

आता फोन 'मीटर्ड' केले: फोटो, व्हिडिओ आणि अपडेट गेले. टॅबला १ एमबीपीएसचा बांध घातला: पाच टॅब-तासांचे जास्तीत जास्त सव्वादोन जीबी. बघा, बांध घालूनही दोन जीबीत बसत नाही. म्हणून तिसरी गोष्ट करायलाच लागते. निघायच्या आदल्या रात्री घरच्या ब्रॉडबँडवर मुलांनी प्रत्येकी दीड तासाचं टॅबमध्ये उतरवून घ्यायचं. रस्त्यात ऑनलाइन उरला प्रत्येकी एक तास, म्हणजे ९०० एमबी. आजींची भजनं व्हिडिओऐवजी गाण्याच्या ॲपवर, चार तास: पावणेदोनशे एमबी. वहिनींचं व्हॉट्सॲप, यूपीआय, थोडं ब्राउझिंग: दोनशे धरू. एकूण पावणेतेराशेच्या घरात. संध्याकाळी कुडाळला पोचल्यावर अजून सातशे एमबी शिल्लक. उतरवून घेण्याचा आणखी एक फायदा आंबोलीच्या घाटात कळतो. तिथल्या वळणांत रेंज येते-जाते तेव्हा कार्टून मध्येच अडकत नाही.

दादाच्या फोनचा हिशेब यात धरला नाही, कारण वायरलेस अँड्रॉइड ऑटो वापरत असेल तर तो फोन या वाय-फायवर सहसा नसतोच. त्याचं वाय-फाय स्टिरिओशी बोलण्यात अडकलेलं असतं, त्यामुळे नकाशा आणि गाणी त्याच्या स्वतःच्या सिमवरून येतात. पुष्कळ लोक तो फोन डोंगलला जोडायचा प्रयत्न करत बसतात आणि मग ऑटो तुटतं. तो तसाच राहू द्या.

रात्री दहाला निघणाऱ्यांना एक फुकटची सवलत आहे. रोजचा कोटा बाराला नवा होतो, त्यामुळे एका प्रवासात दोन दिवसांचा डेटा मिळतो. कोकणात जाणारी निम्मी मंडळी तसंही रात्रीच निघतात.

अडलं तर ओळखायचं कसं

कंपनी कोटा निम्मा संपल्याचा, नव्वद टक्के संपल्याचा मेसेज पाठवते. तो येतो सिमला, आणि सिम असतं डोंगलच्या पोटात. सेटिंगच्या पानावर `SMS` नावाचा एक कप्पा असतो, त्यात हे मेसेज कुणी न वाचता साठत राहतात. रिचार्जचे ओटीपीही तिथेच येतात. बघायचे तिथे बघा. त्याच पानावर डेटाची मर्यादा घालता येत असेल तर ती कोट्याच्या थोडी आत ठेवा, दोन जीबीला १.८, कारण यंत्राची मोजणी आणि कंपनीची मोजणी तंतोतंत जुळत नाही आणि वादात कंपनीचीच धरली जाते. यंत्राचं घड्याळ बरोबर आहे का तेही पाहून घ्या, नाहीतर मोजणी भलत्याच वेळी शून्यावर येते.

नेट मंदावलं की प्रश्न एकच: रेंज गेली की कोटा संपला? दोन्हींत मागची सीट सारखीच ओरडते, पण खुणा वेगळ्या आहेत. रोजचा कोटा संपला की बहुतेक कंपन्या नेट बंद करत नाहीत, वेग साधारण ६४ केबीपीएसवर आणतात. रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात, व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं लागतात आणि व्हिडिओ नुसता गोल फिरतो. रेंज गेली असेल तर मजकूरही अडकतो. खात्री करायची तर सेटिंगच्या पानावर टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा `RSRP` नावाचा आकडा शोधा. उणे ८०-९० च्या आसपास असेल तर रेंज उत्तम आहे आणि दोष बहुधा कोट्याचा. उणे ११५-१२० च्या पलीकडे गेला असेल तर थांबा, घाट उतरू द्या. रेंज उत्तम, आदल्या रात्रीच कोटा नवा झालेला, आणि तरी एकही पान उघडत नाही, उलट रिचार्जचं पान समोर येतं, तर मूळ पॅकची वैधता संपलेली आहे. व्हाउचर मारलं तरी नेट येत नसेल तर डोंगल एकदा काढून पुन्हा लावा. नवी मर्यादा बऱ्याचदा नव्या जोडणीनंतरच लागू होते.

दोन-तीन महिने गाडी फारशी बाहेर काढली नाही तर सिमकडे लक्ष असू द्या. सलग ९० दिवस काहीच वापर नसलेलं प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते. पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी ते सिम मधूनमधून फोनमध्ये घालून एखादा कॉल करावा, थोडं नेट वापरावं, आणि गणपतीच्या आठवडाभर आधी पॅक चालू आहे ना ते पाहून घ्यावं.